पुठ्ठ्याच्या भिंती

पुठ्ठ्याची भिंत कोणालाही अडवू शकत नाही. कुत्र्याने पंजा मारला तर ती फाटते, लहान मुलाने रेटले तर ती कोलमडते, आणि पाण्याचा तांब्या सांडला तरी तिचा लगदा होतो. तरीही अनोळखी घरात पहिल्यांदा पाऊल ठेवणारे मांजर मऊ गादीकडे, खाण्याच्या ताटलीकडे किंवा प्रेमाने पुढे केलेल्या हाताकडे पाठ फिरवते आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यात शिरते. तिथे गेल्यावर त्याचा श्वास हळूहळू संथ होतो आणि ताठलेली पाठ सैल पडते. ज्या भिंतीत संरक्षणाची ताकदच नाही, ती भिंत या प्राण्याला नेमके काय देते, हा प्रश्न मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. या लेखात मला त्याच प्रश्नामागे जायचे आहे.

सहज सुचणारी काही उत्तरे आहेत आणि ती खोटी नाहीत. त्यांतले पहिले उत्तर उबेचे. शरीराचे तापमान राखण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागू नये, असे मांजराच्या दृष्टीने सुखाचे तापमान साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसाला जिथे घाम फुटू लागतो तिथे मांजराला नुकते बरे वाटू लागते. पुठ्ठ्याच्या पदरांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि अरुंद खोक्यात अंगाचे वेटोळे केले की मांजराची स्वतःचीच ऊब त्याला परत मिळते. दुसरे उत्तर शिकारीचे. मांजर पाठलाग करून दमवणारे जनावर नाही. ते दबा धरते, अंतर कमी होऊ देते आणि अखेरची झेप घेते, त्यामुळे स्वतः झाकलेले राहून समोरचे पाहता येईल अशी कोणतीही जागा त्याला मोलाची वाटते. कागदी पिशवीत आणखी एक आकर्षण असते, ते म्हणजे तिची सळसळ. माणसाचे कान सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतात, तर मांजराचे कान सुमारे 85 हजारांपर्यंत पोचतात. उंदरांची आपल्याला ऐकू न येणारी चिरचिर त्यांना स्पष्ट ऐकू येते. कुरकुरणारा कागद सुक्या पाचोळ्यात धावणाऱ्या उंदराची आठवण देत असला पाहिजे, असे मला पिशवीत झेपावणाऱ्या मांजराकडे पाहून नेहमी वाटते.

परंतु ही उत्तरे माझ्या मूळ प्रश्नाला पुरी पडत नाहीत. उकाड्याच्या दिवसांत, शिकारीची काही शक्यता नसताना, भेदरलेले मांजर खोकाच का शोधते? त्या क्षणी त्याला खेळायचे नसते, ऊब नको असते आणि भूकही मेलेली असते. यासाठी मांजराच्या पूर्वजाकडे पाहावे लागते.

आपल्या घरातल्या मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. हे रानमांजर चार-पाच किलोंचे, एकट्याने राहणारे आणि एकट्याने शिकार करणारे आहे. उंदीर, पक्षी आणि सरडे यांच्या दृष्टीने ते काळ असते, पण कोल्हे, मोठे गरुड आणि मोठी मार्जारकुळातली जनावरे यांच्या दृष्टीने ते स्वतःच भक्ष्य असते. मांजराविषयी बोलताना आपण त्याची शिकारी बाजू आठवतो आणि भक्ष्याची बाजू विसरतो. माझ्या मते मांजराचे अर्धे वागणे या विसरलेल्या बाजूतूनच समजते.

यात एकटेपणाची भर पडते. कळपातल्या प्राण्याला घाबरल्यावर कळपाकडे धाव घेता येते. भांडण झाले तर शरणागती पत्करण्याच्या, समजूत काढण्याच्या आणि पुन्हा जवळ येण्याच्या ठरावीक खुणा त्याच्याजवळ असतात, आणि कुत्र्यामध्ये त्या विपुल दिसतात. मांजराजवळ हे भांडार फारच तोकडे आहे. जखमी झाले तर त्याच्यासाठी शिकार करून आणणारे कोणी नसते, म्हणून लढाई त्याला परवडत नाही. संघर्ष टाळणे, अंतर वाढवणे आणि दृष्टीआड होणे हेच त्याचे मुख्य उपाय आहेत. कुत्रा घाबरला की माणसाकडे येतो आणि मांजर घाबरले की माणसापासूनही दूर जाते, यात कृतज्ञतेचा किंवा प्रेमाचा प्रश्न नसतो. लपणे हे मांजराच्या हाती असलेले पहिले आणि सर्वांत खात्रीचे औषध असते.

ते औषध काढून घेतले तर काय होते, हे प्राण्यांच्या निवारा-केंद्रांमध्ये दिसते. तिथे मांजर सर्व बाजूंनी अनोळखी गोष्टींनी वेढलेले असते: जंतुनाशकाचा वास, शेजारच्या पिंजऱ्यांतली परकी मांजरे, कुत्र्यांचे भुंकणे, दिवसभर बदलणारी माणसे. पिंजरा समोरून उघडा आणि आत फक्त पाण्याचे भांडे, खाण्याची वाटी आणि लिटर ट्रे. अशा पिंजऱ्यात नव्याने आलेली मांजरे ट्रेच्या मागच्या फटीत अंग चेपून बसतात, अंथरूण ओढून त्याखाली शिरतात, आणि काही तर चक्क घाणीच्या ट्रेमध्येच बसून राहतात. स्वच्छतेविषयी इतका काटेकोर असलेला प्राणी जेव्हा ट्रेच्या कडांचा आडोसा पत्करतो, तेव्हा आडोशाची गरज किती मूलभूत आहे याचा आणखी पुरावा शोधण्याची मला गरज वाटत नाही.

शास्त्राला मात्र मोजमाप लागते, आणि ते असलेही पाहिजे. 1997 साली केस्लर आणि टर्नर या संशोधकांनी मांजराचा ताण त्याच्या देहबोलीवरून मोजण्यासाठी सात पायऱ्यांचे एक मापन मांडले. सर्वांत खालच्या पायरीवर पूर्ण निवांत मांजर असते: कुशीवर किंवा पाठीवर पसरलेले, पोट उघडे, डोळे अर्धवट मिटलेले. सर्वांत वरच्या पायरीवर भयाने गोठलेले मांजर असते: चारी पायांवर दबून बसलेले, थरथरणारे, कान डोक्याला चिकटून मागे गेलेले आणि बुबुळांच्या काळ्या बाहुल्या पूर्ण फाकलेल्या. मधल्या पायऱ्या पोट, पाय, शेपूट, डोके, डोळे, कान, मिशा, आवाज आणि हालचाल यांच्याकडे एकेक करून पाहिल्यावर ठरतात. या मापनाला रक्त काढावे लागत नाही किंवा मांजराला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे, कारण ताण मोजण्यासाठीच मांजराला पकडले तर मोजणाराच ताणाचे कारण होतो.

याच मापनाचा उपयोग करून नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या क्लाउडिया विंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. एका निवारा-केंद्रात नव्याने आलेली 19 मांजरे त्यांनी निवडली. त्यांतल्या 10 मांजरांच्या पिंजऱ्यात लपण्यासाठी एक खोका ठेवला आणि उरलेल्या 9 मांजरांना तो दिला नाही. बाकी व्यवस्था सारखीच होती. दोन आठवडे निरीक्षण चालले. खोका मिळालेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी ताणात दिसत होती. चौदाव्या दिवशी मात्र दोन्ही गटांची सरासरी सारखी झाली होती.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तो खोक्याची मर्यादा आणि मोल एकाच वेळी सांगतो. खोका नसलेली मांजरेही अखेर सावरली. खोक्याने जे दिले ते मधल्या काळात दिले, आणि निवारा-केंद्रातल्या मांजराच्या बाबतीत मधला काळ साधा नसतो. ताण लांबला की प्रतिकारशक्ती उतरते, आणि जिथे अनेक मांजरे एकत्र असतात तिथे सर्दी-शिंकांचे श्वसनविकार भराभर पसरतात. अशा वेळी काही दिवस आधी सावरणे म्हणजे आजारपण टळण्याची शक्यता वाढणे होय.

या निष्कर्षाला जपून धरले पाहिजे, हेही मला सांगितले पाहिजे. 19 हा आकडा लहान आहे, आणि निरीक्षकाला पिंजऱ्यात खोका आहे की नाही हे दिसत असतेच, त्यामुळे त्याच्या नजरेत नकळत कल येऊ शकतो. याच विद्यापीठातल्या गटाने 2019 साली 23 मांजरांवर केलेली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी असलेली चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातही खोका मिळालेली मांजरे वागण्यातून लवकर सावरताना दिसली. वजनात मात्र फरक पडला नाही. पहिल्या दिवसांत दोन्ही गटांतल्या बहुतेक मांजरांचे वजन घटले. म्हणजे खोका भीती लवकर ओसरू देतो, परंतु जागा बदलल्याचा सगळा भार तो उचलत नाही. खोका ठेवला म्हणून खाण्याकडे दुर्लक्ष केले तर चालत नाही, असा याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो.

निवारा-केंद्रे चालवणाऱ्यांना खोक्याविषयी एक साधी आणि रास्त शंका वाटत आली आहे. मांजर लपून बसले तर दत्तक घ्यायला आलेल्यांना ते दिसणार कसे, आणि जे दिसत नाही ते कोणी निवडणार कसे? क्राय आणि केसी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शंकेचा विचार केला आहे. त्यांनी वापरलेल्या खोक्याला आत लपण्याची जागा होती आणि वर बसण्यासाठी माचही होता. असा खोका मिळालेल्या मांजरांचा ताण कमी आढळला, ती माणसांजवळ येण्यास अधिक तयार होती आणि त्यांच्या दत्तक जाण्यावर खोक्याचा वाईट परिणाम झाला नाही. लपायला जागा दिल्यावर मांजर कायमचे आत राहील, ही आपली समजूत मांजरांनी खरी ठरवली नाही. परत जायला जागा आहे हे माहीत झाल्यावर ती बाहेर येण्याचे धाडस करू लागली.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. पुठ्ठ्याची भिंत शत्रूला अडवत नाही हे खरे, पण ती नजर अडवते. उघड्या जमिनीवर बसलेल्या मांजराला चारी दिशांकडे लक्ष ठेवावे लागते. त्याचे कान सतत वळत राहतात आणि झोप लागली तरी ती झोप वरवरची असते. खोक्यात शिरताच तीन बाजू आणि वरची बाजू मिटतात आणि पहाऱ्यासाठी एकच तोंड उरते. आता कोणी येणार असेल तर ते समोरूनच येईल, आणि येणाऱ्याला मांजर आधी पाहील. आपण दिसायचे की नाही, जवळ येऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार खोक्यामुळे मांजराकडे परत येतो, आणि सुरक्षिततेचा मोठा भाग या अधिकाराचाच असतो असे मी मानू लागलो आहे. धोका प्रत्यक्षात किती आहे यापेक्षा त्यावर आपला काही इलाज चालतो की नाही, यावर ताण अधिक अवलंबून असतो.

कार्लस्टेड आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेला प्रयोगशाळेतल्या मांजरांचा अभ्यास याला दुजोरा देतो. त्यांनी काही मांजरांची देखभाल मुद्दाम अनियमित केली: खाणे, साफसफाई आणि हाताळणी कधी आणि कशी होईल याचा मांजरांना अंदाज येऊ दिला नाही. या मांजरांच्या लघवीत कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांचे खेळणे आणि हुंगत फिरणे कमी झाले, ती अधिक वेळ सावध जागी राहिली आणि लपण्याचा प्रयत्न करू लागली. त्यांना कोणी मारले नव्हते की उपाशी ठेवले नव्हते. पुढे काय होणार हे कळेनासे झाले, एवढेच घडले होते.

हे सगळे एका मांजराच्या बाबतीत कसे उतरते ते सांगतो. कबरी आमच्याकडे आली तेव्हा पूर्ण वाढलेली होती आणि तिची आधीची दोन घरे सुटलेली होती. ती येण्यापूर्वीच आम्ही एक छोटी खोली रिकामी केली होती, कारण भेदरलेल्या मांजराला सगळे घर एकदम खुले केले तर ते सर्वांत दुर्गम फट शोधते, आणि कपाटामागून त्याला बाहेर काढणे म्हणजे पहिल्याच दिवशी विश्वास गमावणे असते. त्या खोलीत दारासमोर न येणाऱ्या कोपऱ्यात एक खोका आडवा ठेवला. तो इतकाच मोठा होता की ती आत वळू शकेल आणि वेटोळे करून बसल्यावर पाठ भिंतीला टेकेल. फार ऐसपैस खोक्यात आडोशाची जाणीव राहत नाही. खोक्याचे तोंड दाराकडे तिरके होते, म्हणजे आत बसून तिला येणारा माणूस दिसेल पण येणाऱ्याची नजर थेट तिच्यावर पडणार नाही. मागच्या बाजूला तिचे डोके सहज जाईल एवढे दुसरे भोक कापले होते, कारण एकच तोंड असलेला आडोसा कोणी तोंडाशी उभा राहिला की सापळा होतो. आत तिच्या प्रवासाच्या पेटीतलेच कापड अंथरले होते; नवे धुतलेले कापड आपल्याला छान वाटते, परंतु मांजराला त्यात स्वतःचा वास सापडत नाही. खाणे-पाणी एका बाजूला आणि लिटर ट्रे त्यापासून दूर दुसऱ्या बाजूला होता, आणि दोन्हींकडे जाताना तिला खोलीचा मध्य ओलांडावा लागत नव्हता.

पेटीचे दार उघडताच ती भिंतीच्या कडेने, पोट जमिनीला घासत खोक्यात गेली. सुरुवातीला ती झोपल्यासारखी दिसे, आणि इथेच पुष्कळ लोकांची फसगत होते. ताणाखालचे मांजर डोळे मिटून निश्चल बसते, पण त्याचे चारी पाय अंगाखाली दाबलेले असतात, डोके खांद्यांच्या रेषेत किंवा त्याखाली असते, शेपूट अंगाला घट्ट चिकटलेली असते आणि कान लहानशा आवाजाला झटकन वळतात. खऱ्या झोपेत मान सैल पडते, एखादा पंजा बाहेर लोंबतो आणि अंग कुशीवर कलते. खोक्यात मांजर आहे एवढ्याने काही कळत नाही. ते आत कसे बसले आहे यावरून कळते. मी ठरलेल्या वेळी खोलीत जाई, खोक्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसे, काही वेळ हलक्या आवाजात वाचे आणि उठून जाई. आत हात घालायचा नाही, हा घरातल्या सर्वांसाठी एकच नियम होता. त्या आडोशात तिच्या इच्छेविरुद्ध एकदा जरी हात गेला असता, तरी तो आडोसा उरला नसता आणि तिने आमच्या हाताला न लागणारी जागा शोधली असती.

बदल क्रमाने आला. आधी रात्रीची वाटी रिकामी होऊ लागली. मग मी बसलेलो असताना खोक्याच्या कडेवर तिची हनुवटी दिसू लागली. एके दिवशी तिने त्या कडेला गाल घासला आणि मला फार बरे वाटले, कारण गालाजवळच्या ग्रंथींचा वास लावून मांजर जागा आपलीशी करते. खोक्याबाहेर ती आली ती स्वतःच्या चालीने, शेपूट अर्धी वर करून, आणि कसलासा आवाज होताच परत आत गेली. ही ये-जा अपयशाची खूण समजू नये. आत-बाहेर करण्याची संख्या वाढत जाणे आणि आत राहण्याचा काळ आखूड होत जाणे, हीच प्रगती असते. ती पूर्ण रुळल्यावरही आम्ही तो खोका हलवला नाही. मांजर आता वापरत नाही म्हणून आडोसा काढून टाकण्याची घाई अनेक घरांत होते. पाहुणे आले, सामान हलले किंवा मोठा आवाज झाला की त्याला तीच जागा पुन्हा लागते. पुठ्ठा झिजला तेव्हा नवा खोका जुन्याशेजारी ठेवला, जुने कापड त्यात घातले आणि ती नव्यात बसू लागल्यावर जुना काढला.

एकाहून अधिक मांजरे असतील तर आणखी विचार करावा लागतो. एका आडोशावर दोघांचा दावा झाला तर धीट मांजर त्याच्या तोंडाशी नुसते बसून राहते, आणि माणसाला ते शेजारी शेजारी शांत बसलेले दिसतात. प्रत्यक्षात आतल्या मांजराची वाट अडलेली असते. म्हणून प्रत्येक मांजराला निदान एक आणि त्याशिवाय एक वरकड, अशा जागा एकमेकींपासून दूर आणि वेगवेगळ्या उंचीवर असाव्यात.

आतापर्यंत मी भीतीविषयीच बोलत आलो, म्हणून याच्या विरुद्ध बाजूला उभी असलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जमिनीवर चिकटपट्टीचा नुसता चौकोन आखला तरी पुष्कळ मांजरे त्यात जाऊन बसतात, आणि त्या चौकोनाला तर भिंतीच नसतात. गॅब्रिएला स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली याची मांजरपालकांकरवी घरोघरी पाहणी केली. काही आकृत्यांमध्ये चौकोनाच्या रेषाही नव्हत्या; चार कोपऱ्यांत कापलेल्या चकत्या अशा मांडल्या होत्या की पाहणाऱ्याला मध्ये चौकोन असल्याचा भास व्हावा. मांजराला नकळत इशारा जाऊ नये म्हणून पालकांना काळे चष्मे लावायला सांगितले होते. 500 हून अधिक मांजरांची नोंदणी झाली, पण सर्व फेऱ्या 30 मांजरांनीच पूर्ण केल्या, आणि त्यांतली 9 मांजरे एखाद्या आकृतीत जाऊन बसली. ती भासमान चौकोनात जवळजवळ खऱ्या चौकोनाइतकीच बसली, आणि ज्या मांडणीत चौकोन भासत नव्हता तिच्यात कमी बसली. एवढ्या थोड्या मांजरांवरून मोठे बोलता येत नाही. तरी मला असे वाटते की बंदिस्त जागेचा आकार ओळखणे आणि त्याकडे ओढले जाणे ही एक सवय आहे आणि आडोशाची गरज ही तिच्या मुळाशी असलेली पण तिच्याहून वेगळी गोष्ट आहे. निवांत मांजर खोक्यात जाते ते कुतूहलाने, खेळण्यासाठी, पुठ्ठा ओरबाडण्यासाठी किंवा केवळ रिकामी जागा तिथे आहे म्हणून. प्रत्येक खोक्यात भीती शोधू नये.

अरुंद फटींबाबतही हीच सावधगिरी हवी, शिवाय तिथे धोका असतो. मांजराची हंसळीची हाडे अगदी लहान असून ती सांगाड्याच्या इतर हाडांना जोडलेली नसतात, त्यामुळे डोके जिथून जाते तिथून बहुधा बाकीचे अंगही जाते; मिशांनी ते रुंदीचा अंदाज घेते. ही क्षमता त्याला कपडे धुण्याच्या यंत्राच्या पिंपात, घडीच्या पलंगाच्या सांध्यात आणि फ्रिजच्या मागेही नेते. यंत्र सुरू करण्यापूर्वी पिंपात हात फिरवून पाहण्याची सवय लावलीच पाहिजे. कागदी पिशवीचे बंद कापून टाकावेत, कारण बंदात मान अडकली की पिशवी मांजराच्या मागे धावत येते, ते घाबरून अधिक पळते आणि फास आवळत जातो. प्लॅस्टिकची पिशवी खेळायला देऊच नये.

राहता राहिले ते लपणे, ज्याला खोका पुरत नाही. रुळलेले, माणसाळलेले मांजर अचानक दिवसभर पलंगाखाली राहू लागले, आवडत्या खोक्याकडेही फिरकेना आणि अंधाऱ्या थंड जागी दबून बसू लागले, तर ते भीतीपेक्षा दुखण्याचे लक्षण असण्याची शक्यता अधिक असते. आजार लपवणे हादेखील त्याच पूर्वजाचा वारसा आहे: दुबळे दिसणारे भक्ष्य आधी पकडले जाते. अशा वेळी वाटीत किती खाणे उरले आणि ट्रेमध्ये किती वेळा लघवी झाली हे पाहावे. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणावर बेतू शकते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांतच दगावू शकतो. त्याला लपल्या जागेतून काढताना ओढू नये. जाड टॉवेल अलगद पांघरून त्यासकट उचलावे, आणि त्याचा आवडता खोका पेटीत मावण्याजोगा असेल तर मांजराला त्या खोक्यासहच पेटीत ठेवून न्यावे. दवाखान्यातही पेटीचे वरचे झाकण काढून त्याला खालच्या अर्ध्या भागात, टॉवेलच्या आडोशातच तपासता येते का, असे पशुवैद्यांना विचारावे. ते बहुधा तयार होतात.